निरसं दूध आणि फ्रीजमधला जंतू



ज्या डॉक्टरबाईंच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या दवाखान्यातून माझ्या प्रयोगशाळेत रक्ताच्या बाटल्या यायच्या. मी सूक्ष्मजीवशास्त्राची. माझं आयुष्य अकोल्यात आणि अमरावतीत, काचेच्या थाळ्यांवर उगवणारे जंतू ओळखण्यात गेलं. बाईंचा आग्रह असा की, गरोदर बाईला ताप आला तर पहिली गोळी देण्याआधी रक्त घ्यायचं. तो आग्रह कशासाठी होता, हे मला पुरतं कळलं ते एका मुलीमुळे. आज तिच्यापासूनच सुरुवात करते.

ही मुलगी दर्यापूरकडची, पहिलटकरीण. डोहाळजेवण आटोपून बाळंतपणासाठी माहेरी आलेली. आठवा महिना लागला आणि तिला बारीक ताप भरला. अंग मोडून येत होतं, कंबर दुखत होती. खोकला नव्हता, लघवीची जळजळ नव्हती. गावाजवळच्या एका ठिकाणी तिला सेफालोस्पोरिन गटातल्या प्रतिजैविकाच्या गोळ्या मिळाल्या. ताप उतरल्यासारखा झाला, पुन्हा चढला. पाचव्या दिवशी बाळाची हालचाल मंदावली म्हणून तिला शहरात आणलं. त्या रात्री एकतिसाव्या आठवड्यात बाळ जन्मलं. गर्भजल हिरवट होतं. दिवस भरलेल्या बाळाच्या वेळी असं पाणी पुष्कळदा दिसतं, पण एकतिसाव्या आठवड्यात ते सहसा दिसत नाही, आणि दिसलं तर जाणत्या डॉक्टरच्या मनात एका विशिष्ट जंतूचं नाव यायला हवं. बाळाच्या अंगावर बारीक पिवळट पुरळ होतं. बाळ दुसऱ्या दिवशी गेलं.

आईच्या रक्ताची बाटली माझ्याकडे आली होती. मेंढीच्या रक्ताच्या थाळीवर दुसऱ्या दिवशी अगदी लहान, दवबिंदूसारख्या पारदर्शक वसाहती दिसल्या. त्यांच्याभोवती रक्त विरघळल्याचं कडं इतकं अरुंद होतं की वसाहत पुसून काढल्यावरच ते डोळ्यांना दिसलं. सूक्ष्मदर्शकाखाली आखूड दांडके. आता हे दोन प्रकारे चुकतं. कडं पाहून कोणी त्याला स्ट्रेप्टोकोकस म्हणतो. दांडके पाहून कोणी डिफ्थेरॉइड म्हणतो, म्हणजे कातडीवरचा निरुपद्रवी जंतू, रक्त घेताना सुईबरोबर आत आलेला. मग अहवालावर ‘दूषित नमुना’ असं लिहून बाटली टाकून दिली जाते. त्या आधीच्या वर्षांत माझ्या हातून असे किती अहवाल गेले असतील, हा विचार मला अजून झोपू देत नाही.

त्या दिवशी मी एक साधी तपासणी केली. या जंतूला शेपट्या फुटतात त्या पंचवीस अंशांच्या आसपास. सदतीस अंशांत त्या जवळजवळ नाहीशा होतात. पुस्तकात लिहिलेलं असतं, ‘खोलीच्या तापमानाला ठेवा’. पण पुस्तक लिहिणाऱ्याची खोली अकोल्यातली नव्हती. मे महिन्यात आमची खोली चाळीसच्या वर. म्हणून नळी कूलरच्या झोतात ओल्या फडक्यात गुंडाळून रात्रभर ठेवली. सकाळी थेंब काचेखाली धरला, तर ते दांडके कोलांट्या मारत फिरत होते. ती गडगडती चाल एकदा पाहिली की विसरत नाही. तो लिस्टेरिया होता. पूर्ण नाव लिस्टेरिया मोनोसायटोजिनिस.

मुलीची आई बाहेर बसली होती. मी विचारलं, गेल्या महिन्या-दोन महिन्यांत पोरीनं काय काय खाल्लं? ती म्हणाली, “बाई, घरच्या म्हशीचं दूध हाये. पोरीले ताकद यावी म्हून रोज सकायी धारेचंच देत होतो. त्यात पाणी नाही का काई नाही.”

ते दूधच कारण होतं, असं मी शपथेवर सांगू शकत नाही. त्या दिवसाचं दूध केव्हाच संपलेलं होतं. या जंतूची हीच खोड आहे. पोटात गेल्यापासून आजार दिसेपर्यंत दिवस जातात, गरोदर बाईत तर बहुधा आठवडे. फ्रान्समध्ये नोंदलेल्या रुग्णांत गरोदर बायकांसाठी हा काळ साधारण चार आठवड्यांचा निघाला, आणि काहींत दोन महिन्यांच्याही पुढे गेला. महिन्याभरापूर्वीच्या जेवणात कोणी संशय घेत नाही. शिळं खाऊन रात्री उलट्या झाल्या तर घरातलं प्रत्येक जण त्या वाटीकडे बोट दाखवतं. इथे वाटी आठवतच नाही.

जंतू नवीन नाही. १९२६ साली केंब्रिजमध्ये प्रयोगशाळेतले ससे आणि गिनीपिग मरू लागले, तेव्हा मरी, वेब आणि स्वान या तिघांनी त्याचं वर्णन केलं. पुढे जोसेफ लिस्टर या शल्यविशारदाच्या सन्मानार्थ त्याला लिस्टेरिया हे नाव मिळालं. मेंढपाळांना आणि गुरांच्या डॉक्टरांना तो आधीपासून ठाऊक. शेळीमेंढीला त्यानं पछाडलं की ती मान एका बाजूला टाकून गोल गोल फिरते. माणसाला तो अन्नातून होतो, हे मात्र १९८१पर्यंत पक्कं झालं नव्हतं. त्या वर्षी कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर एकेचाळीस जण आजारी पडले, त्यांतले चौतीस आई-बाळाचे. माग लागला तो कोबीच्या कोशिंबिरीचा. ज्या शेतातला कोबी होता, तिथे मेंढ्यांचं कच्चं खत घातलं होतं, आणि त्या कळपात लिस्टेरियानं मेंढ्या मेल्या होत्या. पुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तो कोबी काढल्यावर हिवाळाभर शीतगृहात ठेवला होता. थंडीत कोबी ताजा राहिला आणि जंतू वाढत राहिला.

आपल्या स्वयंपाकघरातला एक ठाम समज असा की, फ्रीजमध्ये ठेवलं म्हणजे जंतू थांबले. बहुतेक जंतूंबाबत ते खरंच आहे. लिस्टेरिया मात्र शून्य अंशाच्या आसपासही हळूहळू वाढतो. बाकीचे थंडीनं गारठून बसतात आणि याला मोकळं रान मिळतं. तो वाढला म्हणून अन्नाला वास येत नाही, चव बिघडत नाही, बुरशी दिसत नाही.

हळूहळू म्हणजे किती, हे एका डब्यावरून पाहू. चिरलेल्या खरबुजाचा डबा घ्या. त्यात सुरीबरोबर दहा जंतू गेले. फ्रीज खरोखर चार अंशांवर असेल, तर जंतूंची संख्या दुप्पट व्हायला साधारण दीड दिवस लागतो. तीन दिवसांत दोनदा दुप्पट, म्हणजे दहाचे चाळीस. आता तोच डबा दहा अंशांच्या फ्रीजमध्ये ठेवा. तिथे दुप्पट व्हायला साधारण आठ तास पुरतात. तीन दिवसांत नऊ वेळा दुप्पट, म्हणजे पाच हजारांच्या वर. हा हिशेब ढोबळ आहे. नव्या जागी स्थिरावायला जंतू थोडा वेळ घेतो, आणि प्रत्येक पदार्थात वेग वेगळा असतो. पण चार आणि दहा अंशांतला फरक केवढा, ते यातून कळावं.

आणि आपला फ्रीज किती अंशांवर असतो? वैशाखात वीज दोन-तीन तास जाते, मुलं थंड पाण्यासाठी दर दहा मिनिटांनी दार उघडतात, आत पातेली इतकी कोंबलेली की हवा फिरायला जागा नाही. पन्नास-शंभर रुपयांचा तापमापक पेल्याभर पाण्यात बुडवून मधल्या कप्प्यात रात्रभर ठेवा आणि दार उघडण्याआधी, अगदी सकाळी वाचा. पाच किंवा त्याखाली असेल तर ठीक. आमच्या ओळखीच्या बारा घरांत मी हे करून पाहिलं, पाचच्या आत फक्त तीन निघाली.

या जंतूच्या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग दिलासा देणारा आहे. थंडीला दाद न देणारा हा जंतू उष्णतेपुढे अगदी सामान्य आहे. बहात्तर अंशांवर पंधरा सेकंद, नाहीतर त्रेसष्ट अंशांवर अर्धा तास, एवढ्यात तो मरतो. दुग्धालयात पाश्चरीकरण करतात ते याच आकड्यांवर. आपल्या घरात दूध उतू जायला येतं तेव्हा ते शंभर अंशांच्या जवळ असतं. म्हणून गरोदर बाईच्या ताटातल्या कुठल्याही पदार्थापुढे मी दोनच प्रश्न ठेवते: याला शेवटचा चटका केव्हा बसला, आणि त्यानंतर किती वेळ गेला? चटक्यानंतर कोणाकोणाचे हात, सुऱ्या, फडकी लागली, हे त्या दुसऱ्या प्रश्नातच आलं.

आधी दूध. आपल्याकडे न तापवलेल्या दुधाला निरसं म्हणतात, आणि म्हशीच्या आचळातून थेट पेल्यात घेतलेल्याला धारोष्ण. धारोष्ण दुधाची महती पिढ्यान्पिढ्या सांगितली गेली आहे. गरोदर मुलीला ते देणारी आई तिच्याकडे असलेलं सर्वांत चांगलं देत असते, त्यामुळे तिला अडाणी ठरवून हा विषय सुटणार नाही. तिला एवढंच सांगायचं की धारोष्णातली उष्णता ही म्हशीच्या अंगाची, अडतीस-एकोणचाळीस अंशांची. जंतूला मारण्याइतकी ती नाही, उलट त्याला मानवणारी आहे. जंतू दुधात येतो तो बहुधा शेणातून, आचळाला आणि हाताला लागून. कधी कासेतच त्याचं ठाणं असतं आणि म्हैस वरून धडधाकट दिसते. अलीकडे वऱ्हाडात मुरघास करणारे शेतकरी वाढले आहेत. मुरघास नीट आंबला, हवाबंद राहिला, तर त्यातल्या आम्लात लिस्टेरिया टिकत नाही. पिशवी फाटली, कडेला हवा लागून बुरशी धरली, आंबट वासाऐवजी कुजका वास आला, की त्या थरात तो भरभरून वाढतो. असा थर गुरांना घालू नका, खोल उकरून फेका. नागपूरच्या पशुवैद्यक महाविद्यालयातल्या संशोधकांनी मध्य भारतातले दोन हजारांहून अधिक निरशा दुधाचे नमुने तपासून २००८ साली निष्कर्ष छापले. त्यांतल्या थोड्या नमुन्यांत हा जंतू सापडला. थोड्याच, हे मी मुद्दाम सांगते. पण घरची म्हैस त्या थोड्यांत नाही, हे दुधाकडे पाहून कळत नाही, आणि तापवायला दहा मिनिटं पुरतात.

पिशवीचं दूध पाश्चरीकृत असतं, तरी आपण ते घरी तापवतोच. चांगली सवय आहे. तापवलेलं दूध झाकून गार करा, फ्रीजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी पुन्हा उकळी आणा. मात्र सायीकडे माझं लक्ष असतं. रोजची साय एका भांड्यात आठ-आठ, दहा-दहा दिवस साठवायची आणि मग घुसळायची, ही आपल्या घराघरातली रीत. त्या भांड्यात रोज नवा चमचा, नवा हात. तूप कढवताना सगळं जळून जातं, त्यामुळे तुपाची काळजी नाही. पण त्या जुन्या सायीवर साखर घालून पोळीबरोबर गरोदर सुनेला देऊ नये, आणि न कढवलेलं लोणीही देऊ नये. ताज्या सायीत विरजण लावून रोज दही केलं तर दह्याच्या आंबटपणात या जंतूला वाढणं कठीण जातं. तापवलेल्या दुधाचं घरचं दही आणि ताक मी कोणाला बंद करत नाही.

आता मऊ चीज. परदेशातली पुस्तकं वाचून आपल्या सुना विचारतात, मला चीज चालेल का? त्या पुस्तकांतल्या वर्ज्य पदार्थांच्या यादीतली ब्री, कामांबेर ही नावं अमरावतीच्या किराणा दुकानात शोधावी लागतील. पण यादीत ती का आली, हे पाहिलं की आपल्या पनीराचा उलगडा होतो.

१९८५ची गोष्ट. अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसच्या मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात त्या वर्षी लिस्टेरियाच्या बाळंतिणी नेहमीपेक्षा जास्त येऊ लागल्या. बहुतेक जणी मेक्सिकन वंशाच्या. त्या काय खातात आणि त्यांच्याच वस्तीतल्या निरोगी बायका काय खातात, याची तुलना केली, तेव्हा एक पांढरं, ओलसर, मऊ चीज पुढे आलं. त्यांच्या भाषेत केसो फ्रेस्को, म्हणजे ताजं चीज. दिसायला थेट आपल्या पनीरासारखं. जूनमध्ये ते बाजारातून परत मागवलं. तोवर एकशे बेचाळीस रुग्ण नोंदले गेले, त्यांतले त्र्याण्णव आई-बाळाचे. मृत्यू अठ्ठेचाळीस, त्यांत वीस गर्भ आणि दहा नवजात बाळं. जॅलिस्को या त्या कारखान्यात पाश्चरीकरणाचं यंत्र होतं. पण यंत्र जेवढं पेलेल त्याहून जास्त निरसं दूध कारखान्यात येत होतं. चीजमध्ये फॉस्फेटेज हे विकर सापडलं. निरशा दुधात ते असतं आणि पाश्चरीकरणाच्या उष्णतेत नाहीसं होतं, त्यामुळे ते सापडणं म्हणजे निरसं दूध मिसळल्याचा पुरावा. केसो फ्रेस्कोचं दूध कोमट असतानाच विरजकानं साकळतात, म्हणजे निरसं दूध मिसळल्यानंतर त्याला चटका असा बसतच नाही. वर ते ओलं, फारसं आंबट नाही, आणि थंड जागी साठवलेलं. लिस्टेरियाला याहून काय हवं?

आपलं पनीर इथेच वेगळं पडतं. दूध जवळजवळ उकळीला आणायचं आणि त्यात लिंबू किंवा आम्ल घालून फाडायचं. म्हणजे पनीर जन्मतं तेव्हा निर्जंतुकच म्हणावं असं असतं. धोका त्यानंतरचा. फडक्यात बांधतात ते फडकं, वर ठेवतात तो दगड किंवा पाट, लादी बुडवून ठेवतात ते थंड पाणी, कापतात ती सुरी, दुकानातली उघडी परात. भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार पंचवीस ग्रॅम पनीरात हा जंतू एकही असता कामा नये. नियम बरोबर आहे, पण सुटं पनीर विकणाऱ्या प्रत्येक दुकानात रोज ते कोण तपासणार? म्हणून गरोदर बाईनं पनीर जरूर खावं, पण भाजीत उकळलेलं, तव्यावर आतपर्यंत गरम केलेलं. कच्चे तुकडे चाटमसाला भुरभुरून खाऊ नयेत. घरी केलेलं असेल तर त्याच दिवशी संपवावं. चौकोनी तुकड्यांत किंवा चकत्यांत मिळणारं प्रक्रिया केलेलं चीज वितळवूनच बनतं, त्याची धास्ती नको. पिझ्झ्यावरचं बुडबुडे येईपर्यंत भाजलं असेल तर तेही चालेल.

आणि खवा? चिखलदऱ्याकडच्या गवळ्यांचा खवा तासन्तास आटलेला असतो, त्याच्या जन्माबद्दल शंका नाही. नंतर तो किती दिवस, कुठे, कशावर उघडा राहिला, एवढंच पाहायचं. गुलाबजाम तळून, पाकात टाकून खाल्ले की त्याला नवा चटका बसला.

शिळ्याबद्दल आपल्या घरात दोन टोकं असतात. एका घरात शिळं म्हणजे विष, दुसऱ्यात चार दिवसांचं वरणही ‘फ्रीजमध्येच तर होतं’. आपली फोडणीची पोळी आणि फोडणीचा भात ही खरं तर या जंतूवरची उत्तम उत्तरं आहेत, कारण कढईत शिळ्याला पुन्हा चटका मिळतो. मात्र तो आतवर मिळायला हवा. वरण वाफाळलं म्हणजे झालं असं नाही, कडेला बुडबुडे आणि मध्ये गार असं पुष्कळदा असतं. ढवळून पूर्ण उकळी आणा. मायक्रोवेव्हमध्ये तर मधला गोळा थंडच राहतो. काढा, हलवा, पुन्हा ठेवा. जेवण झाल्यावर उरलेलं दोन तासांच्या आत झाकून फ्रीजमध्ये, उन्हाळ्यात त्याहून लवकर, आणि दुसऱ्या दिवशी संपवायचं. भातात वेगळे जंतू असतात आणि त्यांचं विष उकळून जात नाही, त्यामुळे भात बाहेर राहिला असेल तर हा नियम वाचवणार नाही. तो टाकूनच द्या.

धोक्याचं शिळं ते, जे गरम करतच नाहीत. कालची कोशिंबीर, दोन दिवसांचं फ्रूटसॅलड, लग्नघरून डब्यात आलेली बासुंदी. बासुंदी उकळून गार करून खाल्ली तर काही बिघडत नाही. फ्रूटसॅलड उकळता येत नाही, ते सोडून द्यावं.

चिरलेल्या फळांवर थोडं थांबते. २०११ साली अमेरिकेत कोलोरॅडोच्या एका शेतातल्या खरबुजांमुळे एकशे सत्तेचाळीस जण आजारी पडले आणि तेहेतीस दगावले. फळाच्या आत जंतू उगवला नव्हता. धुण्या-वेचण्याच्या शेडमध्ये फरशीवर पाणी साचत होतं, यंत्रं नीट साफ होत नव्हती, आणि शेतातून आलेली गरम फळं आधी न निववता थेट शीतगृहात गेली. खरबुजाची साल जाळीदार, त्या खाचांत माती आणि जंतू दोन्ही बसतात. आपण सुरी घालतो तेव्हा पातं सालीवरून गरात जातं. गर गोड, पाणीदार, जवळजवळ बिनआंबट. तिथून पुढचा हिशेब मी मघाशी सांगितलाच.

आपली टरबुजं, खरबुजं नदीच्या पात्रात, मातीला टेकून वाढतात. राजकमल चौकात किंवा अकोल्याच्या बसस्थानकासमोर उन्हाळ्यात फोडी रचलेली ताटं दिसतात, वर बर्फाचा खडा. बर्फानं फोडी थंड दिसतात, जंतू मरत नाहीत. फळ अख्खं आणा. वाहत्या पाण्याखाली ब्रशनं किंवा काथ्यानं साल घासा, पुसा, मग धुतलेल्या सुरीनं कापा. लगेच खा, उरलेलं झाकून फ्रीजमध्ये ठेवा आणि त्याच दिवशी संपवा. सासूबाई पपई बंद करतात तेव्हा त्या फळाकडे पाहतात, मी सुरीकडे पाहते, एवढाच आमच्यात फरक. वरूड-मोर्शीचं संत्रं मात्र निश्चिंतपणे द्या. हात धुवा, फळ धुवा, स्वतः सोला आणि फोडी तोंडात टाका. आत सुरी जात नाही आणि रस आंबट.

हे सगळं ऐकून कुणी बाईचं दूध, पनीर, फळं कमी केली तर मला फार वाईट वाटेल. आपल्याकडे गरोदर बायकांचं रक्त आधीच कमी असतं. मेळघाटातल्या बाईला दूध मिळणं हाच प्रश्न असतो, ते तापवणं नंतरचं. मी पदार्थ बंद करायला सांगत नाही, त्याचा चटका आणि वेळ सांभाळायला सांगते.

आता तापाकडे परत येते. गरोदरपणी हा जंतू एवढा घात का करतो? आतड्याच्या भिंतीतून आत जाण्यासाठी तो आपल्या पेशींवरच्या एका प्रथिनाला कुलपातल्या किल्लीसारखा चिकटतो, आणि तेच कुलूप वारेच्या पेशींवरही असतं. आत शिरल्यावर तो पेशीतल्याच धाग्यांची शेपटी बनवून शेजारच्या पेशीत ढकलला जातो, त्यामुळे रक्तातल्या प्रतिपिंडांची आणि त्याची गाठच पडत नाही. म्हणून आईला बारीक ताप, आणि बाळ मात्र गंभीर. फ्रान्समध्ये एकशे सात गरोदर रुग्णांचा अभ्यास २०१७ साली छापला गेला. त्यांतल्या जवळजवळ चौथाई जणींचा गर्भ गेला, आणि कोणताही त्रास न होता सुटलेल्या शंभरात पाचच निघाल्या.

औषध आहे, आणि ते साधं आहे: शिरेतून अँपिसिलिन, भरपूर मात्रेत, किमान दोन आठवडे. पण आपल्याकडे तापावर सर्रास दिली जाणारी सेफालोस्पोरिन गटातली औषधं, सेफिक्झिम असो की सेफ्ट्रिअ‍ॅक्झोन, यांचा लिस्टेरियावर उपयोग होत नाही. तो जन्मतःच त्यांना दाद देत नाही. दर्यापूरच्या मुलीला मिळालेल्या गोळ्या याच गटातल्या होत्या. गोळ्या देणाऱ्याला मी दोष देत नाही, कारण रक्त न तपासता त्याला कळायला मार्ग नव्हता.

समोर तरुण डॉक्टर बसले आहेत, त्यांना विनंती. गरोदर बाईला अडतीस अंशांच्या वर ताप, आणि खोकला, लघवी, मलेरिया, डेंग्यू असं काही हाती लागत नसेल, तर औषधाआधी रक्त संवर्धनासाठी पाठवा. शौचाची तपासणी इथे उपयोगाची नाही, निरोगी माणसाच्या शौचातही हा जंतू सापडतो. फॉर्मवर ‘गरोदर, लिस्टेरिया?’ एवढं लिहा. त्या एका शब्दानं थाळी पाहणारी माझ्यासारखी कोणी बाटली टाकून देण्याआधी थांबेल. अहवालाची वाट पाहत अँपिसिलिन सुरू करा. बाळ अकाली आलं तर वार फेकू नका, तीही पाठवा. आणि जिनं निरसं दूध प्यायलं पण जिला ताप नाही, काही त्रास नाही, तिला तपासण्यांत अडकवू नका. पुढचे दोन महिने ताप आला तर लगेच ये, असं सांगा आणि घरी पाठवा.

ती मुलगी तीन वर्षांनी पुन्हा आली, सातव्या महिन्यात. बरोबर आई. तिनं पिशवीतून स्टीलचा डबा काढला. म्हैस व्याली होती, खरवस आणला होता. झाकण उघडण्याआधीच तिनं सांगितलं, “सकायीच वाफवला बाई, अजून गरम हाये. चीक काई कच्चा नाही ठेवला. आन् तुमी म्हनाल, फ्रीजमंधी ठेवला असता तं चालला असता काय?”

मी म्हटलं, संध्याकाळपर्यंत चालला असता, परवापर्यंत नाही. मग आम्ही तिघींनी तो तिथेच, गरम असतानाच खाल्ला. ऑगस्टमध्ये तिला मुलगी झाली, दिवस पूर्ण भरून.